वर्गणीदार किती दिवस टिकतो आणि त्याला थांबवायला कधी जायचं: गळतीची रेषा पहिल्यांदा काढणाऱ्यांसाठी

मराठी गोष्टी ऐकवणाऱ्या एका ॲपच्या छोट्या टीममध्ये मी हिशेबाचं आणि आकड्यांचं काम करत होतो. महिना ₹९९ वर्गणी, यूपीआय ऑटोपेने कापली जाणारी. एके दिवशी मालकांनी विचारलं, "एक वर्गणीदार आपल्याकडे सरासरी किती महिने राहतो? जाहिरातीवर माणशी किती खर्च करायचा ते ठरवायचंय." मी सोडून गेलेल्यांची यादी काढली, प्रत्येकाचे महिने मोजले, सरासरी घेतली आणि सांगितलं: अडीच महिने. त्या आकड्यावर जाहिरातीचं बजेट निम्म्यावर आलं. पुढे सात-आठ महिन्यांनी लक्षात आलं की तेव्हाचे बरेच लोक अजून वर्गणी भरतायत. ते गेलेच नव्हते, म्हणून माझ्या यादीत आलेच नव्हते. मी फक्त लवकर जाणाऱ्यांची सरासरी काढली होती.

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा करतो. ती टाळायची कशी आणि हातात आलेल्या रेषेवरून नेमकं कधी काय करायचं, हे मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने लिहितो. गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

## आधी हे जमवा

- वर्गणीची यादी: एका ओळीत एक वर्गणी. सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख (चालू असेल तर रिकामी) आणि संपण्याचं कारण.
- पेमेंट कंपनीकडून अयशस्वी कपातींची वेगळी यादी. ही पहिल्याच दिवशी मागून ठेवा, यायला वेळ लागतो.
- ऑफर कधी सुरू झाली, कधी संपली, किंमत कधी बदलली, ॲप कधी बंद पडलं होतं, याची साधी टिपणवही.
- एक्सेल चालेल. पायथन येत असेल तर `pandas` आणि `lifelines` या दोन लायब्ररी पुरतात.

## १. "गेला" म्हणजे काय, ते आधी कागदावर लिहा

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढच्या निम्म्या चुका इथेच जन्मतात. आमच्या यादीतली एक ओळ सांगतो. एका बाईंनी ३ मार्चला वर्गणी सुरू केली. ११ एप्रिलला ॲपमध्ये जाऊन "रद्द करा" दाबलं. पैसे २ मेपर्यंतचे भरलेले होते, म्हणून २ मेपर्यंत त्या गोष्टी ऐकत राहिल्या. मग त्या गेल्या कधी, ११ एप्रिलला की २ मेला?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. पैशाचा हिशेब करायचा असेल तर २ मे, कारण त्या दोन हप्ते भरून गेल्या. त्यांना थांबवायला कधी जायला हवं होतं, हा प्रश्न असेल तर ११ एप्रिल, कारण निर्णय त्या दिवशी झाला. आमच्याकडे जुन्या सिस्टिमने रद्द केल्याची तारीख नोंदवली होती आणि नव्या सिस्टिमने सेवा संपल्याची. दोन्ही एकाच रकान्यात. त्यामुळे सिस्टिम बदलल्यानंतर वर्गणीदार अचानक दोन-तीन आठवडे जास्त टिकायला लागल्याचं दिसलं आणि आम्ही त्याचं श्रेय नव्या होमपेजला दिलं. दोन तारखांसाठी दोन रकाने ठेवा.

दुसरा प्रश्न परत येणाऱ्यांचा. कोणी गणपतीत गावी गेलं, महिनाभर कपात झाली नाही, मग परत सुरू केलं. हा "गेला" का? आम्ही नियम केला की ४५ दिवसांच्या आत परतला तर तीच वर्गणी चालू धरायची आणि त्यापेक्षा उशीर झाला तर नवी ओळ. ४५ हा आकडा पवित्र नाही. तुमच्याकडे परत येणारे साधारण किती दिवसांत येतात ते बघून ठरवा, पण एकदा ठरवला की मध्येच बदलू नका.

## २. न गेलेल्यांना यादीतून काढू नका

समजा आज ३० जून आहे. एक जण दोन महिन्यांपूर्वी आला आणि अजून आहे. त्याच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? एवढंच, की तो किमान दोन महिने टिकला. पुढचं माहीत नाही. ही अर्धवट माहिती आहे, पण ती माहिती आहे. संख्याशास्त्रात अशा नोंदीला सेन्सॉर्ड म्हणतात. मी तिला "चालू नोंद" म्हणतो.

चालू नोंदींशी लोक दोन चुका करतात. एक माझी: त्यांना गाळून टाकणं. दुसरी: आजची तारीख हीच जाण्याची तारीख धरणं. दोन्हींत टिकण्याचा काळ कमी निघतो.

यावरची रीत १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी मिळून प्रसिद्ध केली. कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ चालतात ते बघत होते आणि मायर कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदी. अभ्यास संपला तरी काही ट्यूब चालूच, काही रुग्ण जिवंतच. त्यांची अडचण आणि आपली अडचण एकच आहे.

## ३. दहा लोकांवर एकदा हाताने करा

संगणकाला हात लावण्याआधी हे कागदावर करा, अर्धा तास लागतो. समजावण्यासाठी मी दहा वर्गणीदार रचले आहेत. आकडा म्हणजे किती महिने झाले.

सोडून गेलेले पाच: १, १, २, ३, ५ महिन्यांनी.
अजून चालू असलेले पाच: २, ४, ६, ६, ६ महिने झालेले.

आता प्रत्येक महिन्याच्या शेवटी एकच प्रश्न विचारायचा: या टप्प्यापर्यंत पोहोचलेल्यांपैकी किती जण इथे गेले?

पहिला महिना: दहा जण पोहोचले, दोन गेले. टिकण्याचं प्रमाण १० पैकी ८, म्हणजे ०.८०.

दुसरा महिना: आठ पोहोचले, एक गेला. ८ पैकी ७ टिकले. आधीच्या ०.८० ला ७/८ ने गुणायचं: ०.७०. याच टप्प्यावर दोन महिने झालेल्या चालू वर्गणीदाराची नोंद संपते. तो गेला नाही, पण तिसऱ्या महिन्याबद्दल तो काही सांगू शकत नाही. म्हणून त्याला पुढच्या मोजणीतून बाजूला करायचं.

तिसरा महिना: त्यामुळे सहाच उरले. एक गेला. ०.७० गुणिले ५/६, म्हणजे ०.५८.

चौथा महिना: पाच पोहोचले, कोणी गेलं नाही. ०.५८ तसंच राहतं. चार महिने झालेला चालू वर्गणीदार आता बाजूला.

पाचवा महिना: चार पोहोचले, एक गेला. ०.५८ गुणिले ३/४, म्हणजे ०.४४.

सहावा महिना: तिघे आहेत, कोणी गेलं नाही. रेषा ०.४४ वर थांबते.

हे आकडे आलेखावर मांडले की उतरत्या पायऱ्या दिसतात. ही टिकण्याची रेषा, म्हणजेच सर्व्हायवल कर्व्ह. ती ०.५० च्या खाली पहिल्यांदा पाचव्या महिन्याला जाते, म्हणून मध्यक पाच महिने. माझ्या जुन्या पद्धतीने हीच दहा माणसं मोजली तर गेलेल्या पाचांची सरासरी २.४ महिने निघते. सगळ्या दहांचे महिने मिळवून सरासरी घेतली तर ३.६. माणसं तीच, पण उत्तर पाचाऐवजी अडीचच्या आसपास.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तरही याच रेषेत आहे. वर्गणी महिन्याच्या सुरुवातीला कापली जाते. पहिला हप्ता सगळे भरतात, दुसरा ०.८० लोक भरतात, तिसरा ०.७०, मग ०.५८, ०.५८ आणि ०.४४. बेरीज ४.१. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत माणशी सरासरी ४.१ हप्ते, ₹९९ प्रमाणे सुमारे ₹४०६. "पहिल्या सहा महिन्यांत" हे शब्द वाक्यातून गाळू नका. सहा महिन्यांपलीकडचं आपण पाहिलेलं नाही. "आयुष्यभराची कमाई" म्हणून जो मोठा आकडा अनेक सादरीकरणांत असतो, तो बहुतेक वेळा रेषा न पाहिलेल्या भागात ओढून काढलेला असतो.

## ४. आता संगणकावर

यादी मोठी झाली की हाच हिशेब असा करता येतो:

```python
import pandas as pd
from lifelines import KaplanMeierFitter

df = pd.read_csv("subs.csv", parse_dates=["start", "end"])
cutoff = pd.Timestamp("2025-06-30")
df = df[df["start"] <= cutoff]

df["left"] = (df["end"] <= cutoff).astype(int)
last = df["end"].where(df["left"] == 1, cutoff)
df["days"] = (last - df["start"]).dt.days

kmf = KaplanMeierFitter()
kmf.fit(df["days"], event_observed=df["left"])
print(kmf.median_survival_time_)
print(kmf.event_table)
kmf.plot_survival_function()
```

`cutoff` ही हिशेब बंद करण्याची तारीख. ती आजची ठेवू नका, दोन-तीन दिवस मागची ठेवा, कारण अयशस्वी कपाती यादीत यायला तेवढा उशीर होतो. नाहीतर अलीकडचे लोक उगाच जास्त टिकाऊ दिसतात.

मध्यकाच्या जागी `inf` आलं तर घाबरू नका. रेषा अजून निम्म्याच्या खाली आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा मध्यक सांगायचा नाही. "तीन महिन्यांनी इतके टक्के टिकतात" असं सांगायचं.

`event_table` मधला `at_risk` रकाना रेषेइतकाच महत्त्वाचा आहे. त्या टप्प्यावर किती माणसं मोजणीत उरली आहेत ते तिथे दिसतं. वर आपल्या उदाहरणात पाचव्या महिन्याला एकच माणूस गेला आणि रेषा ०.५८ वरून ०.४४ वर पडली, कारण मोजणीत चारच जण होते. रेषेच्या शेपटीत मोठी पायरी दिसली की आधी हा रकाना बघा. मी स्वतः तीसपेक्षा कमी माणसं उरली की तिथून पुढची रेषा कोणाला दाखवत नाही.

## ५. जुनी यादी कुठून सुरू होते ते तपासा

हा सापळा रेषा बघून कळत नाही, म्हणून वेगळा सांगतो. आमच्याकडे एकदा माहिती एका सिस्टिममधून दुसरीत हलवली गेली. हलवणाऱ्यांनी फक्त त्या दिवशी चालू असलेले वर्गणीदार आणले. आधी सोडून गेलेले कशाला आणायचे, असा त्यांचा विचार. त्यामुळे जुने वर्गणीदार आमच्या यादीत आहेत ते सगळे टिकलेलेच. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात गेलेले त्यांचे सोबती यादीतच नाहीत. रेषा सुरुवातीला इतकी सपाट आली की सगळे खूश झाले.

ओळखायचं कसं? वर्गणी सुरू झाल्याच्या महिन्याप्रमाणे लोक वेगळे करा आणि प्रत्येक गटातले किती जण पहिल्या दोन महिन्यांत गेले ते बघा. एखाद्या तारखेआधीच्या सगळ्या गटांत हा आकडा शून्य असेल, तर माहिती कापलेली आहे.

उपाय दोन. सोपा म्हणजे सिस्टिम बदलल्यानंतर आलेल्यांवरच हिशेब करणं. दुसरा म्हणजे जुन्यांना ते आपल्या नजरेत आले त्या वयापासूनच मोजणीत घेणं. कोणी सिस्टिम बदलली तेव्हा १४० दिवसांचा होता, तर तो १४० व्या दिवसापासून पुढच्या टप्प्यांत मोजायचा, आधीच्या नाही. `lifelines` मध्ये `fit` ला `entry` म्हणून हा आकडा देता येतो.

## ६. रेषेवरून प्रत्येक टप्प्याची गळती काढा

टिकण्याची रेषा नेहमी खालीच जाते. तिच्याकडे बघून "कधी" कळत नाही. त्यासाठी प्रत्येक हप्त्याला पोहोचलेल्यांपैकी किती टक्के तिथे गेले, हे वेगळं लिहायचं. याला हॅझर्ड म्हणतात. मी त्या टप्प्याची गळती म्हणतो.

पुन्हा रचलेले आकडे घेऊ. एकाच महिन्यात हजार लोक आले, पहिले तीन महिने ₹४९ ची ऑफर, चौथ्यापासून ₹९९.

पहिल्या महिन्याच्या शेवटी १००० पैकी १८० गेले: १८ टक्के.
दुसऱ्याच्या शेवटी ८२० पैकी ७४: ९ टक्के.
तिसऱ्याच्या शेवटी ७४६ पैकी १४९: २० टक्के.
चौथ्याच्या शेवटी ५९७ पैकी ३६: ६ टक्के.

आता दोन उंचवटे दिसतात, पहिल्या कपातीचा आणि ऑफर संपण्याचा. मध्ये सगळं शांत आहे. दुसऱ्या महिन्यात "आम्हाला तुमची आठवण येते" असले संदेश पाठवून काही मिळणार नाही.

गळती पुढे कमी होत जाते, त्यावरून एक चुकीचा निष्कर्ष फार सहज निघतो: लोक जुने झाले की निष्ठावान होतात. तसं असेलही, पण हा आलेख ते सिद्ध करत नाही. जे जाणारच होते ते आधी गेले आणि मुळातच गोष्टींची आवड असलेले मागे राहिले, एवढ्यानेही गळती अशीच उतरते. म्हणून "कसंही करून सहा महिने टिकवा, मग ते आपले" या हिशेबावर पैसे लावू नका.

## ७. जाणाऱ्यांची दोन ढिगांत वाटणी करा

पहिल्या महिन्याचे १८० घ्या. समजा त्यांतल्या ११० जणांनी स्वतः रद्द केलं आणि ७० जणांच्या खात्यातून पैसे कापले गेले नाहीत. या सत्तर जणांनी काहीच ठरवलेलं नाही. खात्यात पैसे नव्हते, बँकेचा सर्व्हर अडला किंवा ऑटोपेची परवानगी मोडली. त्यांना सवलतीचा संदेश पाठवणं म्हणजे डोकं दुखतंय त्याला पोटाचं औषध देणं. त्यांना हवी एकच गोष्ट: पैसे भरायची सोपी लिंक आणि कपातीचा पुन्हा प्रयत्न. तो प्रयत्नही महिनाअखेरीला नको, पगार जमा झाल्यावर करा. आमच्याकडे २७ ते ३० तारखेच्या कपाती ५ तारखेच्या आसपासच्या कपातींपेक्षा बऱ्याच जास्त अडत होत्या. तुमच्या यादीत कपातीच्या तारखेप्रमाणे अपयश मोजून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

भारतात या ढिगाला एक इतिहासही आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती कपातींचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण लागू झाले आणि कार्डावरच्या असंख्य जुन्या परवानग्या तेव्हा अडल्या. तुमची यादी तेवढी जुनी असेल तर त्या महिन्यात नवे-जुने सगळे एकदम पडलेले दिसतील. अशी पडझड वर्गणीच्या वयाशी नाही, कॅलेंडरशी बांधलेली असते. ती ओळखायला सुरुवातीच्या महिन्याप्रमाणे वेगळ्या रेषा काढा. प्रत्येक गट वेगवेगळ्या वयाला पण एकाच तारखेला पडत असेल, तर कारण बाहेरचं आहे. सुरुवातीला सांगितलेली टिपणवही इथे कामाला येते.

एक सावधगिरी. फक्त स्वतःहून जाणाऱ्यांची रेषा काढताना पैसे न कापले गेलेल्यांना "चालू नोंद" धरलं, तर ती रेषा "कपात कधीच अडली नसती तर" अशा काल्पनिक जगाची होते. दोन कारणांचा खरा वाटा हवा असेल तर `lifelines` मधला `AalenJohansenFitter` वापरा, किंवा वर केलं तसं प्रत्येक टप्प्याला दोन आकडे सरळ मोजा. सुरुवातीला मोजणीच पुरते.

## ८. "जास्त ऐकणारे जास्त टिकतात" यात फसू नका

हा भाग नीट वाचा, कारण अनुभवी लोकही इथे अडखळतात. आम्ही एकदा वर्गणीदारांचे दोन गट केले: एकूण दहापेक्षा जास्त गोष्टी ऐकलेले आणि कमी ऐकलेले. पहिल्या गटाची रेषा कितीतरी वर. लगेच ठरलं की प्रत्येकाला दहा गोष्टी ऐकवायच्या.

पण विचार करा. पहिल्या महिन्यातच गेलेल्याला दहा गोष्टी ऐकायला वेळ कुठे मिळाला? दहा गोष्टी ऐकण्यासाठी आधी टिकावं लागतं. म्हणजे आम्ही टिकलेल्यांना एका गटात घातलं आणि तो गट टिकतो असा शोध लावला.

दुरुस्ती अशी: एक ठरावीक दिवस घ्या, समजा १४ वा. त्या दिवशी जे अजून वर्गणीदार आहेत तेवढेच घ्या. त्यांचे गट फक्त पहिल्या १४ दिवसांत काय ऐकलं त्यावरून करा आणि टिकण्याची मोजणी १४ व्या दिवसापासून सुरू करा. त्यानंतरचं ऐकणं गट पाडताना वापरायचं नाही.

आम्ही असं केल्यावर दोन रेषांमधलं अंतर बरंच आटलं, पण नाहीसं झालं नाही. आणि एक वेगळीच गोष्ट वर आली. पहिल्या चौदा दिवसांत किती गोष्टी ऐकल्या यापेक्षा, निरनिराळ्या किती दिवशी ॲप उघडलं हे जास्त बोलकं होतं. एका रविवारी सहा गोष्टी ऐकून गेलेल्यापेक्षा रोज रात्री मुलांना झोपवताना एक गोष्ट लावणारे आई-बाबा जास्त टिकत होते. हेही कारण सिद्ध झालं असं नाही, पण कोणाकडे आधी लक्ष द्यायचं हे ठरवायला ते पुरतं.

## ९. कोणत्या दिवशी जायचं

गळतीचा उंचवटा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आहे, म्हणून संदेश त्या दिवशी पाठवायचा, असं पहिल्यांदा वाटतं. तो उशीर असतो. आवर्ती कपातीआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जाणं नियमाने बंधनकारक आहे. "उद्या तुमच्या खात्यातून ₹९९ कापले जातील" हा संदेश आला की माणूस ॲप उघडतो आणि रद्द करतो. पहिल्या पायरीत रद्द केल्याची तारीख वेगळी ठेवायला सांगितली ती यासाठीच. कपातीच्या किती दिवस आधी लोक रद्द करतात, ते त्या रकान्यावरून मोजा. बहुतेक जण शेवटच्या एक-दोन दिवसांत करत असतील, तर तुम्हाला त्या सूचनेच्या साताठ दिवस आधी पोहोचायला हवं, आणि पोहोचताना पैशाचा विषय न काढता. आम्ही त्या आठवड्यात अर्धवट सोडलेल्या गोष्टीचा पुढचा भाग समोर ठेवत असू.

सवलत देण्याआधी मात्र कागदावर हिशेब करा. वरच्याच उदाहरणात चौथ्या महिन्यालाही ₹४९ च ठेवायचे, असं सगळ्यांसाठी जाहीर केलं तर काय होईल? जे ५९७ जण ₹९९ भरणारच होते ते ₹५० कमी भरतील: ₹२९,८५० गेले. समजा १४९ पैकी ५० जण थांबले. त्यांचे ₹४९ प्रमाणे ₹२,४५० आले. उरलेला खड्डा ₹२७,४००. तो भरायला या पन्नास जणांनी प्रत्येकी ₹५४८, म्हणजे ₹९९ चे साडेपाच हप्ते आणखी भरायला हवेत. एका सवलतीने कसेबसे थांबलेले लोक साडेपाच महिने राहतील का? त्यांची वेगळी रेषा काढल्याशिवाय हो म्हणू नका. म्हणूनच सवलत सगळ्यांना न देता, आठव्या पायरीत ज्यांची रेषा खाली होती अशा छोट्या गटालाच देऊन बघावी.

## १०. निम्म्या लोकांना काहीच पाठवू नका

संदेश पाठवला आणि गळती कमी झाली, म्हणजे संदेशामुळे झाली असं नाही. सुट्ट्या लागल्या असतील, मुलं घरी असतील. म्हणून संदेशाला पात्र असलेल्यांची यादी काढा, संगणकाकडून चिठ्ठ्या टाकून तिचे दोन भाग करा आणि एका भागाला काहीही पाठवू नका. दोघांची मोजणी पात्र झाल्याच्या दिवसापासून करा, संदेश उघडल्याच्या दिवसापासून नाही. उघडणारे वेगळे काढले तर तुम्ही पुन्हा आठव्या पायरीतल्या खड्ड्यात जाता, कारण जे मुळात राहणार असतात तेच संदेश उघडतात.

किती माणसं लागतील? गळती २० टक्क्यांवरून १५ वर आली का, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला प्रत्येक भागात सुमारे ९०० लोक लागतात. शंभर-शंभरांवर चाचणी करून मिळालेला "फरक" पुढच्या महिन्यात उलटाही दिसू शकतो. महिन्याला तीनशेच पात्र लोक मिळत असतील तर सहा महिन्यांचे मिळून मोजा आणि तोवर मधेच निकाल जाहीर करू नका.

उलटा निकालही येतो, त्याला तयार राहा. आमच्या एका चाचणीत ज्यांनी महिनाभर ॲप उघडलंच नव्हतं, अशांना आम्ही प्रेमाने आठवण करून दिली. संदेश न मिळालेल्या भागापेक्षा संदेश मिळालेले जास्त गेले. वर्गणी चालू आहे याची आठवण त्यांना आम्हीच करून दिली होती. यावर टीममध्ये बराच वाद झाला. मग तो संदेश तसाच ठेवून आम्ही त्यात "एका टिचकीत वर्गणी थांबवा, हवी तेव्हा परत सुरू करा" हे बटण घातलं. न ऐकणाऱ्याचे पैसे गुपचूप कापत राहणं मला पटत नव्हतं. थांबवलेल्यांना आम्ही यादीत वेगळं कारण दिलं आणि त्यांच्यातले किती जण ४५ दिवसांत परत येतात, त्याची रेषा दर महिन्याला काढायला लागलो.